दहा रुपयांचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याची सवय नाही. पण मंडळाची हिशेबवही बरीच वर्षे माझ्याकडे आहे, म्हणून अध्यक्षबाईंनी मला याच विषयावर बोलायला सांगितले आहे. यंदा मंडळात ज्या नव्या सुना आल्या आहेत, त्यांनी विचारले होते, "२०१९च्या पुरात तुम्ही सांगलीकडे मदत नेली, तेव्हा लोकांना हिशेब कसा दिला? आणि कमी पडले ते कसे सांगितले?" मी आज तेवढेच सांगणार आहे. वही बरोबर आणली आहे, त्यामुळे आकडे तोंडी नाहीत, लिहिलेले आहेत.

साताऱ्याला लहान देणगी नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. बोर्डिंगच्या मुलांना जेवायला घालायचे तर धान्य हवे. त्यासाठी मुष्टिफंड निघाला. बायकांनी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि ते बोर्डिंगसाठी द्यायचे. लक्ष्मीबाईंनी तर अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातले, हे आपण सर्व जाणतोच. पण मला त्या मुठीविषयी एक वेगळी गोष्ट दिसते. बोर्डिंग साताऱ्यातच होते. ज्या बाईने मूठ दिली, तिला बोर्डिंगची मुले रस्त्याने शाळेत जाताना दिसत. तिची मूठ कुठे गेली हे तिला विचारावे लागत नव्हते.

आपण सांगलीला जी मदत पाठवली तिचे तसे नव्हते. साताऱ्याहून सांगली शंभर-सव्वाशे किलोमीटर. कृष्णा आपल्या महाबळेश्वरला उगम पावते, वाई-कऱ्हाडवरून खाली सांगलीला जाते. पाणी आपल्याकडचेच, पण ते तिथे कोणाच्या चुलीत शिरले हे इथे दिसत नाही. दिलेले डोळ्यांना दिसत नसेल, तर ते कानांना सांगावे लागते. हिशेबाचे कारण एवढेच.

ऑगस्ट २०१९च्या पहिल्या पंधरवड्यात सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. तिथे पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी म्हणतात, त्यावरून अंदाज करावा. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली आणि त्याच संध्याकाळी बायका आपणहून पैसे घेऊन माझ्या दारात आल्या. कोणी दहा, कोणी पन्नास, कोणी पाचशे. मी आधी पावतीपुस्तक आणायला मुलाला पाठवले, मगच पैसे घेतले. पावतीविना घेतलेला रुपया पुढे कोणाचाच राहत नाही.

पैसे कशाला वापरायचे हे आम्ही आधी फोनवरून विचारले. पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातल्या ओळखीच्या बाई म्हणाल्या, "ताई, कपडे आणि बिस्किटं नकोत, ढीग लागलेत. भांडी धाडा. पाणी उतरल्यावर स्वयंपाक कशात करायचा?" मग आम्ही एक संच ठरवला. दोन पातेली, तवा, परात, चार ताटे, चार पेले, एक चटई आणि एक ब्लँकेट. दुकानदाराने एका संचाचे ११५० रुपये सांगितले. गावच्या ग्रामपंचायतीने पडझड झालेल्या घरांची यादी दिली, त्यात ४० कुटुंबे होती.

आता वहीतले आकडे. थोडेच आहेत, पण लक्ष देऊन ऐका.

यादीवर लोकांनी जे आकडे घातले त्यांची बेरीज ५८,००० रुपये झाली. त्यांपैकी प्रत्यक्ष हातात आले ४६,८५०. म्हणजे ११,१५० रुपये नुसते कागदावर राहिले. पावत्या फाडल्या ३१२. त्यांपैकी तीन लिहिताना चुकल्या म्हणून रद्द झाल्या. त्या फेकल्या नाहीत, दोन्ही भाग पुस्तकातच ठेवून त्यांवर 'रद्द' लिहिले. म्हणून देणगीदार ३०९. कोणीही पुस्तक चाळून क्रमांक मोजावेत. मधला एक क्रमांक जरी सापडला नाही, तरी हिशेब अडला असे समजावे. लहान संस्थेत गडबड कुठे होते हे ओळखण्याची पहिली खूण हीच आहे.

खर्च असा झाला. आम्ही माल घ्यायला गेलो तोवर ब्लँकेटची मागणी फार वाढली होती आणि एक संच १२९० रुपयांना पडला. आम्ही ३१ संच घेतले, त्यांचे ३९,९९० रुपये. टेम्पोचे ५,२००, हमालीचे ४००, पावतीपुस्तके आणि छपाई ४६०. एकूण ४६,०५०. शिल्लक ८०० रुपये.

म्हणजे यादीत ४० कुटुंबे आणि हातात ३१ संच. नऊ घरे राहिली.

ही नऊ घरे कशी सांगायची, यावर आमच्या बैठकीत बराच वेळ बोलणे झाले. एक ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या, "अगं, एकतीस घरांना दिले असे छापावे. ते खोटे आहे का? चाळीसचा उल्लेख कशाला? पुढच्या वेळी कोण देईल?" त्यांचे म्हणणे वाईट हेतूचे नव्हते. मंडळाची काळजी म्हणूनच त्या बोलल्या. पण आम्ही पैसे मागताना दारोदार चाळीस घरे सांगितली होती. देणाऱ्याच्या मनात चाळीसच असणार. नुसते एकतीस सांगितले तर ती म्हणेल, बाकीच्या नवांचे काय झाले? आणि ती आपल्याला विचारणार नाही, शेजारणीला विचारेल.

दुसऱ्या एक जणी म्हणाल्या, "भाव वाढला म्हणून कमी पडले, असे लिहून टाका." हे ऐकायला बरे होते आणि भाव खरोखरच वाढला होता. पण कारण लिहायचे तर ते आधी मोजून पाहावे लागते. मी आणि चिटणीसबाई पाटावर बसून मोजत गेलो. टेम्पो, हमाली, छपाई मिळून ६,०६० रुपये. ते वजा केले तर हातातल्या रकमेतून संचांसाठी ४०,७९० राहतात. जुन्या भावाने, ११५० ने, त्यात ३५ संच आले असते. म्हणजे भाववाढीने चार संच गेले, नऊ नव्हे. मग उलटीकडून मोजले. यादीवरचे सगळे ५८,००० आले असते, तर खर्च वजा जाता ५१,९४० राहिले असते. वाढलेल्या १२९० च्या भावानेसुद्धा त्यात पुरे ४० संच बसतात. म्हणजे भाव वाढूनही एकही घर राहिले नसते. घरे राहिली ती मुख्यतः आकडा घातला आणि पैसे आले नाहीत म्हणून.

हे लिहिणे अवघड होते, कारण आकडा घालणाऱ्या आपल्याच गल्लीतल्या. भावाला दोष दिला तर कोणी रुसत नाही. पण खोट्या कारणाने पुढच्या वेळची सोय होत नाही. भावामुळे कमी पडले असे समजलो असतो, तर पुढच्या वेळी स्वस्त दुकान शोधत बसलो असतो आणि आकडे मात्र तसेच कागदावर राहिले असते. आम्ही कोणाचे नाव लिहिले नाही. एवढेच लिहिले, "यादीवरील ११,१५० रुपये अद्याप जमा व्हावयाचे आहेत." पैसे न येण्याची कारणेही आम्ही आधी विचारून घेतली होती. गौरी-गणपती तोंडावर होते, कोणाचे उसाचे बिल आले नव्हते, कोणी तेवढेच पैसे दुसऱ्या संस्थेला दिले होते. यात कोणाची लबाडी नव्हती.

आणखी एक कमी होती, ती धान्यातली. ज्वारी आणि तांदूळ मिळून ६ क्विंटल धान्य जमले. गावात उतरवून तोलले तेव्हा चांगले भरले ५ क्विंटल ७० किलो. वाटेत पाऊस लागला, ताडपत्रीच्या कडेची पोती भिजली आणि ३० किलो धान्याला वास आला. ते वाटले नाही. हेही छापले. धान्य इथे तोलले तसेच तिथेही तोलायचे, नाहीतर वाटेत काय झाले हे कधी कळतच नाही.

जुन्या साड्यांचेही सांगते. नको म्हणून निरोप असतानाही १४० साड्या आल्या. घरातल्या बाईने धुऊन, घडी घालून आणलेली साडी परत कशी करणार? त्यांपैकी सुती जेमतेम ६० होत्या. नायलॉनच्या साडीची गोधडी धड होत नाही, टाका धरत नाही, थर सरकतात. त्या साठांच्या आम्ही मंडळात बसून अकरा गोधड्या शिवल्या. एका गोधडीला पाच-सहा साड्या लागल्या. गोधड्या गावाला गेल्या आणि त्या मात्र हातोहात घेतल्या गेल्या. उरलेल्या ८० साड्या सांगलीला गेल्या नाहीत, त्या इथेच गरजूंना दिल्या, असे आम्ही स्पष्ट लिहिले. ज्या वहिनींनी साडी पूरग्रस्तांसाठी दिली, त्यांना ती साताऱ्यातच राहिली हे कळायलाच हवे.

एका बचत गटाने २,००० रुपये दिले होते, पण अट घालून. ते फक्त शाळेच्या वह्यांसाठी. असे पैसे मी वेगळ्या पानावर लिहिते आणि वेगळ्या पाकिटात ठेवते, म्हणून वर सांगितलेल्या ४६,८५० मध्ये ते धरलेले नाहीत. गावच्या शाळेत विचारले तर बाई म्हणाल्या, "वह्यांचे गठ्ठे पडलेत, मुलांना बसायला काही नाही." पैसे आमच्या हातात होते, गरज डोळ्यांपुढे होती. तरी आम्ही तिथल्या तिथे बस्करपट्ट्या घेतल्या नाहीत. आधी बचत गटाला विचारले, त्यांनी होकार दिला आणि पावतीच्या मागे दोन ओळी लिहून सही केली. मग १,८५० रुपयांच्या पट्ट्या घेतल्या आणि १५० रुपये गटाला परत केले. चांगल्या कामासाठी का होईना, दिलेल्या पैशाचे काम बदलायचे तर देणाऱ्याला आधी विचारावे, नंतर कळवू नये.

आता हे सगळे सांगितले कसे, ते ऐका. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या संस्थेला दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो. तो द्यायचाच. पण ज्या मावशींनी दहा रुपये दिले त्या काही तो पाहायला कचेरीत जात नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही एक पानाचे पत्रक काढले. त्यात तीनच भाग होते. काय मिळाले, कशाला लागले आणि काय राहिले. तिसरा भाग तेवढ्याच मोठ्या अक्षरात, पहिल्या दोन भागांच्या खाली लगेच. कमी पडलेले पानाच्या तळाला बारीक टाइपात छापले, तर ते सांगितले असे होत नाही.

देणगीदारांची यादी आम्ही रकमेच्या क्रमाने लावली नाही, पावतीच्या क्रमाने लावली. त्यामुळे दहा रुपयेवाल्या मावशी पाचशेवाल्या बाईंच्या वर आल्या, कारण त्या आधी आल्या होत्या. ज्यांना संच मिळाले त्यांची नावे किंवा फोटो मात्र छापले नाहीत. पुरात घर गेलेल्या बाईने ताट हातात धरून फोटोला उभे राहायचे, हे आम्हाला पटले नाही. ग्रामपंचायतीने ३१ सह्या-अंगठ्यांची यादी दिली होती, ती फाइलला आहे. ज्याला पाहायची त्याने माझ्या घरी येऊन पाहावी.

पत्रकात दहा रुपयांची फोड दिली, ती लोकांना सर्वांत जास्त आवडली. तुमच्या दहा रुपयांतले साधारण साडेआठ रुपये भांड्यांना आणि ब्लँकेटला गेले. सव्वा रुपयाहून थोडे जास्त टेम्पो, हमाली आणि छपाईला लागले. सतरा पैसे शिल्लक आहेत. टेम्पोचा खर्च लपवावा असे काहींना वाटले होते, कारण लोक म्हणतात माझा पैसा गरिबालाच मिळावा. पण भांडी आपणहून चालत पलूसला जात नाहीत. शंभरातले तेरा रुपये वाटखर्चाला गेले हे सांगितले, तेव्हा कोणी काही बोलले नाही. उलट एक आजी म्हणाल्या, "टेम्पोवाल्यानं बी पोट हायच की."

पत्रक वाटायला गेल्या त्या बायका त्याच, ज्यांनी पैसे गोळा केले होते. ज्या घरी वाचणारे कोणी नव्हते तिथे उंबऱ्यावर बसून वाचून दाखवले. मोबाइलवरही पाठवले, पण त्यावर भिस्त ठेवली नाही. वाचून दाखवताना बाई मधेच थांबवते, विचारते, आणि ती काय विचारते यावरूनच आपला हिशेब कुठे कच्चा आहे ते कळते. पुष्कळ जणींनी एकच विचारले, "ती नऊ घरं कोण ठरवली?"

हा प्रश्न आम्हाला आधीच पडला होता. कमी पडते तेव्हा दोन्हीकडे सांगावे लागते, देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही. वाटपाच्या आदल्या दिवशी आम्ही सरपंचांना फोन करून सांगितले, ३१ संच येत आहेत, ४० नाहीत. कोणाला आधी द्यायचे ते आम्ही साताऱ्यातून ठरवणार नाही. गावाने बसून ठरवले, ज्यांचे घर पूर्ण पडले त्यांना आधी, ज्यांची एक भिंत किंवा पडवी पडली त्यांना नंतर. त्या नऊ घरच्या बायकांना टेम्पो यायच्या आधीच कळले होते. रांगेत उभे राहून शेवटी रिकाम्या हाताने परत जाण्यापेक्षा ते बरे.

पत्रक वाटल्यानंतर दोन गोष्टी झाल्या. दोघी-तिघींनी सांगितले, आम्ही पुढच्या वेळी देणार नाही, तुम्हाला नीट जमत नाही. त्यांचा तो हक्क आहे आणि त्यांतल्या एकीने पुढे खरेच काही दिले नाही. दुसरे म्हणजे, ज्यांनी आकडा घातला होता त्यांच्यातल्या काही जणी आपणहून आल्या. दिवाळीपूर्वी ५,९६० रुपये जमा झाले. त्यांत आधीची शिल्लक ८०० मिळवली. एकूण ६,७६०. त्यातून पाच संच घेतले, ६,४५० रुपयांना. आमच्यातल्या दोघी स्वतःच्या तिकिटाने एस.टी.ने गेल्या, सामानाचे २४० रुपये लागले. शेवटी शिल्लक ७० रुपये, ते मंडळाच्या खात्यात आहेत.

३१ आणि ५ मिळून ३६. चार घरे राहिली. यादीवरचे ५,१९० रुपये शेवटपर्यंत आले नाहीत आणि चार संचांना ५,१६० रुपये लागले असते. आकडा किती बरोबर जुळतो पाहा. त्या चार घरांपैकी दोघांना पुढे दुसऱ्या एका संस्थेकडून भांडी मिळाली, असे ग्रामपंचायतीने कळवले. उरलेल्या दोघांना आमच्याकडून काही मिळाले नाही. दिवाळीनंतर दुसरे पत्रक काढले, त्यात हे असेच लिहिले.

तेव्हापासून मंडळात काही रीती पडल्या, त्या नव्या भगिनींना सांगते. घरांची संख्या जाहीर करायची ती हातात आलेल्या पैशावर, यादीवरच्या आकड्यांवर नव्हे. माल घ्यायच्या दिवशीचा भाव दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्यायचा. हिशेबाचे पत्रक काम संपण्याची वाट न पाहता महिना-दीड महिन्यात एकदा काढायचे, कारण काम कधी पूर्ण संपतच नाही. २०२१ साली जुलैमध्ये कृष्णेला पुन्हा पूर आला, तेव्हा याच रीतीने काम केले.

या सभेनंतर वही आणि दोन्ही पत्रके बाहेर टेबलावर ठेवणार आहे. ज्यांनी २०१९ साली काही दिले होते त्यांनी आपला पावती क्रमांक शोधावा. नसेल सापडला तर घरी जाण्याआधी मला सांगावे.